उषामावशीनं दिलेला नकार

उषामावशी गेल्याची बातमी मला तिच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या साहू भाभींनी फोनवर सांगितली. मी तेव्हा नवा रायपूरला जाणाऱ्या बसमध्ये होते, ऑफिसला निघालेली. "दीदी, मौसी उठ नहीं रही हैं," एवढंच त्या म्हणाल्या. मी पुढच्याच थांब्यावर उतरून उलट्या दिशेचा ऑटो पकडला. समता कॉलनीत पोचेपर्यंत डॉक्टर येऊन गेले होते. रात्री झोपेतच केव्हातरी... एकाहत्तर वर्षांची होती. चेहऱ्यावर काही त्रास झाल्याची खूण नव्हती. आयुष्यभर नर्स म्हणून दुसऱ्यांना त्रास कमी कसा होईल ते बघत आली, तिला स्वतःलाही तो फारसा झाला नसावा, असं मी मनाला सांगितलं. आज या गोष्टीला पाच आठवडे झाले.

रक्ताच्या नात्यानं ती माझी कोणीच नव्हती. माझ्या आईची मैत्रीण, म्हणून मावशी. दोघींचीही घराणी भोसल्यांच्या राजवटीत इकडे आलेली, आणि आता आपण रायपूरचे की नागपूरकडचे हा प्रश्नही कुणाला पडत नाही, अशी. तिशी उलटते न उलटते तोच तिचा नवरा गेला. मूल नव्हतं. कॉलनीतल्या एका प्रसूतिगृहात ती अठ्ठावीस वर्षं सिस्टर होती, आणि निवृत्तीनंतर त्याच कॉलनीत वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहिली. तिच्याकडे येणारी बाई हमखास म्हणायची, "कसं करता हो एकट्या?" मावशी शांतपणे उत्तर द्यायची, "जसं तुम्ही चौघात करता तसंच. घासायला भांडी कमी पडतात फक्त."

तिला अग्नी देऊन आल्यावर मला एक निरोप इंग्रजीत लिहावा लागला. तो कोइमतूरला जायचा होता, शेषाद्री अंकल नावाच्या पंचाहत्तर वर्षांच्या गृहस्थांना. नऊ वर्षांपूर्वी या माणसानं मावशीला लग्नाचं विचारलं होतं आणि मावशीनं नकार दिला होता. तो नकार मराठीतून इंग्रजीत मी नेला होता. एकदा चुकीचा, आणि एकदा बरोबर. मावशी कोण होती हे मला त्या दोन पत्रांमध्ये जितकं कळलं, तितकं आधीच्या पस्तीस वर्षांत कळलं नव्हतं, म्हणून हे लिहिते आहे.

शेषाद्री अंकल तेव्हा त्यांच्या मुलाकडे, कार्तिककडे, राहायला आले होते. कार्तिक सिलतऱ्याच्या एका स्टील प्लांटमध्ये इंजिनिअर होता. पहाटे जायचा, अंधार पडल्यावर परत यायचा. अंकल दिवसभर घरात आणि संध्याकाळी कॉलनीच्या बागेत. एकदा फिरता फिरता त्यांना चक्कर आली. मावशी मागूनच येत होती. तिनं त्यांना बाकावर आडवं केलं, पाय आपल्या पिशवीवर उंच ठेवले, नाडी धरून बसली आणि जमलेल्या लोकांना हाकलून दिलं. दुसऱ्या दिवशी ते आभार मानायला आले. तिसऱ्या दिवसापासून दोघं बरोबर चालायला लागले. बोलणं काय व्हायचं देव जाणे. मावशीला इंग्रजी औषधांच्या नावांपुरतं येत होतं, आणि अंकलचं हिंदी फार तोकडं. "त्याले फक्त 'है' येते, 'था' येतच नाही," मावशी मला म्हणाली होती. "बायको चार वर्षांमागं गेली, तर म्हणते, वाइफ नहीं है. मी म्हटलं, बजारात गेली का?" नंतर तिला स्वतःचीच लाज वाटली होती.

सहासात महिने गेले. एका रविवारी सकाळी मावशी आमच्याकडे आली. आईशी न बोलता थेट माझ्या खोलीत आली आणि एक पाकीट माझ्यापुढे धरलं. "मंजू, हे वाचून सांग मले. शब्द न् शब्द सांग. आपलं काही घालू नको."

मी नवा रायपूरमधल्या एका सरकारी कार्यालयात अनुवादाचं काम करते, हिंदीचं इंग्रजी आणि इंग्रजीचं हिंदी. शब्द न् शब्द हे तर माझं रोजचंच. निळ्या शाईतलं, सरळ ओळींतलं पत्र होतं. सुरुवातीला आभार. मग आपल्या प्रकृतीची खरीखुरी माहिती : शुगर नाही, प्रेशर आहे पण गोळीनं ताब्यात. मुलाला सगळं सांगितलं आहे, त्याची हरकत नाही. आणि मग लिहिलं होतं की, आपण माझ्या आयुष्याच्या संध्याकाळी माझ्या कम्पॅनियन व्हाल, तर मी तो माझा सन्मान समजेन.

"कम्पॅनियन म्हंजे?"

"सोबती."

"पेशंटजवळ दवाखान्यात एक जण थांबते, तशी सोबत?"

"पुढं लिहिलंय, साधं रजिस्टर लग्न करून."

मी शेवटची ओळ वाचली : या पत्रानं आपला अपमान झाला असेल तर ते फाडून टाका, उद्यापासून मी बागेत उलट्या दिशेनं फिरेन. ते ऐकून ती हसली. "मानूस चांगला आहे," ती म्हणाली. "नाही म्हणाचं आहे. पण त्याचं मन न मोडता म्हणाचं आहे."

का नाही, हे मी विचारलं नाही. मला वाटलं मला ठाऊक आहे. लोक काय म्हणतील, गेलेल्या नवऱ्याची आठवण, वय... आईला कळल्यावर तिनंही तेच धरलं आणि दोन दिवस मावशीची समजूत घातली, "उषे, लोकांचं काहून मनावर घेतं? पुन्हा एकदा विचार कर." मावशी तिला म्हणाली, "हव, केला विचार." आणि माझ्याकडे येऊन बसली.

नकार कसा लिहायचा हे आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडलेलं असतं. स्थळाला कोणी 'नाही' असं तोंडावर म्हणत नाही. पत्रिका जुळत नाही म्हणतात, मुलीला एवढ्यात करायचं नाही म्हणतात, योग नाही म्हणतात. ऐकणाऱ्यालाही ते कळतं. तो दुसऱ्यांदा विचारत नाही, आणि दोन्ही घरं पुढच्या लग्नात एकाच पंगतीला बसू शकतात. पत्रिकेचं कारण इथं चालणार नव्हतं, कारण अंकलनी पत्रिका दिलीच नव्हती. म्हणून मावशीनं योगाचा आधार घेतला. तिनं सांगितलं आणि मी मराठीत उतरवून घेतलं : "स. न. वि. वि. आपले पत्र पावले. आपण माझ्याविषयी एवढा विचार केलात, याबद्दल मी आपली ऋणी आहे. परंतु सध्या योग दिसत नाही. ईश्वराच्या मनात असेल तसे होईल. लोभ असावा ही विनंती."

वाचून पाहिलं. सुरेख नकार होता. कुठल्याही मराठी घरात तो पोचला असता तर तिथल्या म्हाताऱ्या माणसानं चष्मा काढून ठेवत "नाही म्हणतात," असं एका वाक्यात सांगितलं असतं. मी त्याचं इंग्रजी केलं. शब्द न् शब्द, जसं ऑफिसात करते तसं, आणि त्याचा मला अभिमानही वाटला. मावशीनं खाली मराठीत सही केली आणि मीच ते पाकीट कार्तिकच्या घरी देऊन आले.

पुढचे तीन महिने फार छान गेले. अंकल रोज बागेत यायचे, पण आधीपेक्षाही अदबीनं. पत्राचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. 'नमस्कार' म्हणायला शिकले. मग 'कसं काय' शिकले. मावशी मला कौतुकानं सांगायची, "पाह्य, नाही म्हटलं तरी वागण्यात फरक नाही. नाहीतर आपल्याकडचे. नकार देला की रस्ता बदलतात." मलाही वाटायचं, काय सुसंस्कृत माणूस आहे.

मग एका शनिवारी दुपारी कार्तिक आमच्याकडे आला. चहा झाला. शेवटी म्हणाला, "दीदी, एक बात पूछनी थी। मेरा ट्रान्सफर होसूर हो गया है। पापा साथ चलने को तैयार नहीं हैं। कहते हैं यहीं कमरा लेकर रहूँगा, आंटी ने समय माँगा है। दीदी, कितना समय?"

मला आधी समजलंच नाही. त्यानं खिशातून ते पत्र काढलं. घडी घालून घालून त्याच्या कडा मऊ झाल्या होत्या. मी माझंच इंग्रजी वाचायला लागले, आणि पहिल्यांदाच ते मराठी न येणाऱ्या माणसासारखं वाचलं. 'सध्या'चं मी 'ॲट प्रेझेंट' केलं होतं. म्हणजे आत्ता नाही, नंतर. 'योग दिसत नाही'चं झालं होतं, काळ अनुकूल दिसत नाही. म्हणजे तो पुढं अनुकूल होईल. ईश्वराच्या मनात असेल तसे होईल, हे वाचून कुठल्या देवभोळ्या माणसाला धीर येणार नाही? आणि सगळ्यात शेवटी, जे आपण वीज कंपनीला लिहितानाही डोळे मिटून लिहितो, त्या 'लोभ असावा ही विनंती'चं मी इमानेइतबारे करून ठेवलं होतं : आपलं माझ्यावरचं प्रेम असंच राहू द्या, ही माझी प्रार्थना.

बासष्ट वर्षांच्या बाईनं आपल्या सहीनिशी एका माणसाला लिहिलं होतं की सध्या थांबा, आणि माझ्यावर प्रेम करत राहा. तो माणूस थांबला होता. विचारत नव्हता, कारण तिनं वेळ मागितला होता.

कार्तिकला मी उद्या सांगते म्हटलं आणि तशीच मावशीकडे गेले. ती मेथी निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिचे हात थांबले. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

"तीन महिने," ती शेवटी म्हणाली. "मंजू, लेबर रूमच्या बाहेर बाप उभा राह्यचा ना, अन् आतमधी लेकरू गेलेलं असलं, तं काही सिस्टर म्हणत, डॉक्टर बघून राहिले, थांबा. मी नाही म्हटलं तसं कधी. ज्याले थांबवून काही फायदा नाही, त्याले थांबवाचं नाही. अन् मीच एका माणसाले तीन महिने दाराबाहेर उभं ठेवलं."

"चूक माझी आहे, मावशी."

"तुही अर्धी. मी गोल गोल बोलली, तू सरळ लिहिलं. आता मी सरळ बोलतो, तू सरळ लिही."

तिनं हात धुतले आणि आम्ही बसलो. सबंध दुपार गेली. माझी पद्धत तिनं बदलून टाकली. मी एक वाक्य इंग्रजीत लिहायचं, आणि तेच वाक्य, मूळ मराठीकडे न बघता, तिला पुन्हा मराठीत सांगायचं. जे निघेल ते तिला पटलं तर ठेवायचं. मी सुरुवात केली, खेदानं कळवावं लागतं की... मावशीनं थांबवलं. "हे तं नोकरीच्या नकारासारखं वाटून राहिलं." खरं होतं, आमच्या ऑफिसातून असली पत्रं रोज जातात. मग मी लिहिलं 'अनफॉर्च्युनेटली'. "म्हंजे काय?" दुर्दैवानं, मी सांगितलं. "दुर्दैव कोणाचं? माहं तं नाही." तेही गेलं. मी 'सॉरी' लिहिलं. ती म्हणाली, "माफी चुकीची मागतात. ती आपण पहिल्या पत्रासाठी मागू. 'नाही' म्हटल्याची नाही."

आणि मग तिनं ते विचारलं जे मी तिला विचारायला हवं होतं. "कारण काय लिहिशीन?"

मी म्हटलं, "नवऱ्याची आठवण..."

"त्याले जाऊन तीस वर्षं झाली. त्याचा चेहरा मले फोटो पाहूनच आठवते. खोटं काहून लिहाचं?"

"मग लोक?"

"लोक गेले उडत." ती माझ्याकडे वळली. "मले माहं असं आवडते, मंजू. सकाळी उठल्यावर कोणाले काय पाह्यजे हे मले पाहा लागत नाही. अठ्ठावीस वर्षं तेच पाह्यलं. आता मी उठतो, अन् दिवस माहाच असते. तो मानूस वाईट असता तं नाही म्हणणं सोपं होतं. तो चांगला आहे, तरी मले हेच आवडते. एवढं कारण पुरत नाही का?"

मी धरून आम्ही सगळे इतकी वर्षं तिच्या एकटेपणाची काळजी करत होतो. सणाला तिला डबा पोचवताना मनात कुठेतरी दया असायची. आणि ही बाई तिच्या दोन खोल्यांत सुखी होती, आणि ते सुख तिला दुसऱ्या सुखाच्या बदल्यात द्यायचं नव्हतं. तेच आम्ही लिहिलं. 'पण' या शब्दावर मात्र अडलो. मी लिहिलं होतं, तुम्ही चांगले आहात, पण मला लग्न करायचं नाही. ती म्हणाली, "पण आला की मागचं सगळं धुऊन जाते. तिथं 'आणि' लिही." इंग्रजीत ते जरा विचित्र वाटलं. मी तरी तसंच ठेवलं.

शेवटी पत्र असं झालं : "माझ्या पहिल्या पत्रामुळे तुमचा गैरसमज झाला, त्याची मी माफी मागते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे, आणि ते पुढेही बदलणार नाही. तुमच्याबद्दल मला आदर आहे, आणि मला लग्न करायचं नाही. मी माझ्या घरात जशी राहते तशी मला आवडते. हेच खरं कारण आहे, दुसरं लपवलेलं नाही. तुम्ही मुलासोबत जावं. जाईपर्यंत मी रोज बागेत येईन. तुम्ही आलात तर मला आनंद होईल, नाही आलात तर मी समजून घेईन." खाली फक्त नाव. समारोपाचं कुठलंच वाक्य तिनं घालू दिलं नाही.

या वेळी पाकीट माझ्या हाती पाठवलं नाही. दुसऱ्या दिवशी साडेपाचला ती मला घेऊन बागेत गेली आणि स्वतःच्या हातानं त्यांना दिलं. अंकल बाकावर बसून वाचू लागले. पानं दोन नव्हती, एकच होतं, तरी त्यांना बराच वेळ लागला. मग त्यांनी चष्मा पुसला आणि मला इंग्रजीत विचारलं, "पहिल्या पत्रात ते प्रेमाचं वाक्य कोणाचं होतं? त्यांचं की तुझं?"

मी म्हटलं, "कोणाचंच नाही, अंकल. आम्ही मराठीत प्रत्येक पत्राच्या शेवटी तसं लिहितो."

"प्रत्येक?"

"नळ दुरुस्त करा म्हणून अर्ज केला तरी."

त्यांना हसू फुटलं. आधी अगदी बारीक, मग खांदे हलायला लागले. डोळ्यांत पाणीही होतं, कशाचं ते मी बघितलं नाही. मावशीनं मला कोपरानं ढोसलं, "काय म्हणून राहिला?" मी सांगितलं. तीही हसायला लागली. हसणं ओसरल्यावर अंकलनी त्यांच्या हिंदीत तिला सांगितलं, "थोड़ा दुख है। मगर साफ है।"

"साफ ज़ख़्म जल्दी भरता है," मावशी म्हणाली. हे तिचं नर्सचं बोलणं होतं, समजूत घालण्यासाठी काढलेलं नव्हतं.

मग दोघं उठले आणि नेहमीच्या दिशेनं चालायला लागले. होसूरला जाईपर्यंतचे एकवीस दिवस ते रोज आले. कार्तिक नंतर कोइमतूरला स्थिरावला. दर पोंगलला अंकलचं पत्र यायचं. मी ते वाचून दाखवायची, मावशी उत्तर सांगायची, आणि तिच्या नव्या पद्धतीनं आम्ही प्रत्येक वाक्य दोनदा पार करायचो. त्या पत्रांत शुगर, प्रेशर, नातवंडं आणि कॉलनीच्या बागेत कुठलं झाड तोडलं हे असायचं. त्या नऊ वर्षांत तिला एकदाही आपला निर्णय चुकला असं वाटलं नाही. मी एकदा विचारलं होतं. "नाही," ती म्हणाली, आणि पुढं काही जोडलं नाही.

तिच्या निधनाचा निरोप मी अंकलना कार्तिकच्या फोनवर लिहून पाठवला तेव्हा एकही गोल वाक्य घातलं नाही. त्यांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. त्यांनी लिहिलं होतं की, सबंध आयुष्यात आपल्याला इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कोणी 'नाही' म्हटलं नाही, आणि त्यामुळेच आपण कडवट झालो नाही. खाली एक ओळ होती : त्या सुखी होत्या, हे मला त्यांनी स्वतः लिहून दिलं होतं, म्हणून आज मला त्यांची काळजी वाटत नाही.

मागच्या आठवड्यात मी तिच्या खोल्या आवरायला गेले. आवरायला फार काही नव्हतंच. स्वयंपाकघराच्या दाराआड भिंतीवरची दिनदर्शिका टांगलेली होती, मोठ्या चौकोनांची. मी ती कधी नीट बघितली नव्हती. ती गेली त्या आठवड्यापर्यंतच्या प्रत्येक चौकोनात तिच्या गोलसर अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं. सोमवारी बँक. मंगळवारी बीरगावच्या अंगणवाडीत बाळांची वजनं घ्यायला. शुक्रवारी मंजूच्या आईकडे. रविवारी केस धुणे. आणि प्रत्येक गुरुवारी, जानेवारीपासून थेट डिसेंबरपर्यंत, वर्ष सुरू होतानाच एका बैठकीत लिहून ठेवलेले दोन शब्द : काही नाही.

ती दिनदर्शिका मी घरी आणून माझ्या टेबलासमोर लावली आहे. पुढचे गुरुवार अजून बरेच शिल्लक आहेत. येत्या गुरुवारची मी ऑफिसात रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं, तेव्हा मी खरं तेच सांगितलं : काही नाही.